तुम्ही विचारलंत म्हणून: सक्सेशन सर्टिफिकेट की प्रोबेट?

"बाबा गेले. फ्लॅट आहे, बँकेत ठेवी आहेत. सोसायटीवाले एक सांगतात, बँकवाले दुसरंच. नक्की काढायचं काय, सक्सेशन सर्टिफिकेट की प्रोबेट?"

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मृत्युपत्र आहे का? प्रोबेट मृत्युपत्राचं होतं. मृत्युपत्रच नसेल तर प्रोबेट हा शब्द बाजूला ठेवा. दुसरा प्रश्न: वहीत काय काय लिहिलंय ते दाखवा. म्हणजे ठेवी किती, शेअर्स किती, घर कुठे, गावाकडे जमीन आहे का. कारण "मालमत्ता" अशी एकगठ्ठा कधीच नावावर होत नाही. प्रत्येक वस्तूचा दरवाजा वेगळा असतो.

सक्सेशन सर्टिफिकेटचं दार पैशांचं. 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात ते येणी आणि रोखे यांच्यासाठी ठेवलेलं आहे. बँकेतली ठेव, शेअर्स, डिबेंचर, कुणाकडून येणं असलेली रक्कम, एवढंच. घर आणि जमीन त्यात बसत नाही. ही गोष्ट मी गेली कित्येक वर्षं ठाण्यात अशिलांना सांगत आलोय, आणि तरीही चूक नेमकी इथेच होते.

एक प्रकरण सांगतो. गृहस्थ मृत्युपत्र न करता गेले. मागे मुलगा आणि लग्न झालेली मुलगी. पत्नी आधीच गेलेल्या. ठाण्यात फ्लॅट आणि एका बँकेत 22 लाखांच्या ठेवी, नॉमिनी कुणीच नाही. मुलाने बहिणीची संमती घेऊन सक्सेशन सर्टिफिकेटसाठी अर्ज केला. कोर्टाने वर्तमानपत्रात नोटीस दिली, हरकतीसाठी मुदत ठेवली, हरकत आली नाही. सर्टिफिकेट मिळालं, बँकेने पैसे दिले. तेच कागद घेऊन तो सोसायटीत गेला आणि सोसायटीने शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर करून दिलं. त्याला वाटलं, घर झालं आपलं.

दोन वर्षांनी घर विकायला काढलं. खरेदीदाराने कर्ज घेतलं होतं, त्यामुळे त्याच्या बँकेच्या वकिलांकडे कागद गेले आणि व्यवहार तिथेच थांबला. मुलगा माझ्याकडे आला तेव्हा मी सर्टिफिकेटचं शेवटचं पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं. त्यावर परिशिष्ट होतं: चार ओळी, चार ठेवींच्या पावत्यांचे क्रमांक आणि रकमा. फ्लॅटचा उल्लेखच नाही, आणि असायलाही नको होता. तुम्हीही सर्टिफिकेट हातात आलं की आधी ते परिशिष्ट वाचा. कागदाची ताकद तेवढ्याच ओळींपुरती असते. एखादी ठेव राहून गेली असेल तर ती वाढवून घ्यायला त्याच कोर्टात पुन्हा अर्ज करता येतो.

सोसायटीने नाव लावलं ते सहकार कायद्याप्रमाणे. 2019 मध्ये आलेल्या कलम 154 ब-13 मध्ये मृत सभासदाचा हिस्सा मृत्युपत्र, सक्सेशन सर्टिफिकेट, वारस दाखला किंवा कौटुंबिक व्यवस्थेचा कागद पाहून वर्ग करता येतो असं म्हटलंय. पण सोसायटीचा दप्तरी सभासद होणं आणि घराचा एकटा मालक होणं या दोन गोष्टी आहेत. हिंदू वारसा कायद्याने ते घर मुलगा आणि मुलगी दोघांचं झालं होतं, निम्मं-निम्मं. बहिणीने ठेवींसाठी संमती दिली होती, घराचा हक्क सोडला नव्हता. नॉमिनीचंही तसंच: नाव असतं ते ताबा घेण्यापुरतं, हक्क वारसांचाच राहतो.

मग इलाज दोन होते. बहिणीने नोंदणी करून हक्कसोडपत्र द्यायचं, किंवा दोघांनी वारस म्हणून एकत्र विक्री करायची. आणि वारस कोण हेच खरेदीदाराला खात्रीने हवं असेल तर दिवाणी कोर्टाकडून वारस दाखला काढायचा. तो 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खाली मिळतो. दोनशे वर्षांचा कायदा आहे, आपल्याकडे आजही चालतो, आणि घर-जमिनीसाठी लोकांना खरं तर तोच हवा असतो. या भावंडांनी एकत्र सही करून घर विकलं आणि पैसे वाटून घेतले.

गावची शेतजमीन असेल तर कोर्टाचीही गरज सहसा पडत नाही. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज, फेरफार, हरकतीची नोटीस, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी, असा तो रस्ता. मात्र सातबाऱ्यावरची नोंद म्हणजे मालकीचा निकाल नव्हे.

ठेवींचंही सगळं कोर्टात न्यावं लागत नाही. नॉमिनी असेल तर बँक त्याला पैसे देते. नॉमिनी नसेल तरी रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनुसार 15 लाखांपर्यंतचा, सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंतचा दावा, वाद नसेल तर, हमीपत्र आणि इतर वारसांच्या ना-हरकतीवर सोप्या पद्धतीने मिटवायचा असतो. शंभर चकरा मारण्याआधी ही मर्यादा बँकेला विचारा.

आता मृत्युपत्राकडे. प्रोबेट म्हणजे कोर्टाने शिक्का मारून दिलेली मृत्युपत्राची प्रत. हे शेवटचं आणि खरं मृत्युपत्र आहे, एवढं कोर्ट त्यातून सांगतं. घर मुळात बाबांचं होतं का, याचा निकाल त्यात नसतो. ते मिळतं एक्झिक्युटरला, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणायला त्यातच नेमलेल्या माणसाला. एक्झिक्युटर नेमलेला नसेल तर मृत्युपत्र जोडलेलं लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था लावण्याचं कोर्टाचं अधिकारपत्र, मागायचं.

डिसेंबर 2025 पर्यंत नियम असा होता की हिंदूंचं मृत्युपत्र मुंबई शहरात केलेलं असेल, किंवा कुठेही केलेलं असलं तरी त्यातलं घर मुंबई शहरात असेल, तर प्रोबेटशिवाय कोर्टात त्यावरचा हक्क सांगता येत नसे. ठाणे-पुण्याला ही सक्ती कधीच नव्हती. भारतीय वारसा कायद्याच्या ज्या कलम 213 मुळे हे होतं, ते संसदेने त्या महिन्यात काढून टाकलं. चांगलंच झालं, एका शहराच्या हद्दीमुळे लोकांची वर्षं जात होती.

कायदा बदलल्यावर एक ताई आल्या. वडील ठाण्यात राहायचे, घर गिरगावात, मृत्युपत्राने ते ताईंच्या नावे. भाऊ बोलत नाही. "आता प्रोबेट लागत नाही ना?" म्हणाल्या. सक्ती गेली, हे खरं. मी मृत्युपत्रावरच्या साक्षीदारांच्या सह्या पाहिल्या. दोघांपैकी एक वारले होते; दुसरे घरचे डॉक्टर, वय 81. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायचं तर निदान एक साक्षीदार, तो हयात असेल तर, उभा करावा लागतो. भावाने दहा वर्षांनी दावा लावला तर वडिलांची सही समोर झाली हे सांगायला कोण येणार?

त्यांना मी प्रोबेटच काढायला सांगितलं. वारसांमध्ये एकमत असतं तर सांगितलं नसतं. डॉक्टर आता बाहेर पडत नाहीत, म्हणून पुढच्याच रविवारी नोटरीला घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि त्यांचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं.