मानधनाचा आकडा पहिल्याच मेलमध्ये

“दादा, आमच्या तालुक्याच्या कॉलेजला व्हिडिओच्या कार्यशाळेसाठी मेल टाकायचा आहे. पैशाचं त्यातच लिहू, की भेटल्यावर बोलू?”

मेलमध्येच लिहा, अन् आकड्यात लिहा. आपल्याकडे प्राचार्य मोबाइलवर मेल वाचून लगेच उत्तर देतील असं क्वचितच होतं. ऑफिसातले बाबू त्याची प्रिंट काढतात, आवक नंबर टाकतात, कागद प्राचार्यांच्या टेबलावर जातो आणि ते कोपऱ्यात शेरा मारतात. आकडा नसलेल्या कागदावर ‘चर्चा करावी’ एवढंच येतं आणि तो फायलीत पडून राहतो. आकडा असला की विभागप्रमुखांचा अभिप्राय मागता येतो. म्हणून मेल प्रिंटच्या एका पानात मावला पाहिजे.

समजा दारव्ह्याकडचं एखादं कला-वाणिज्य महाविद्यालय आहे. मधला परिच्छेद मी असा लिहीन:

“४० विद्यार्थी, ५ जणांचे ८ गट. दोन दिवस, रोज १०.३० ते ३.३०. प्रत्येक गट बाजार समितीतल्या सोयाबीनच्या लिलावावर दीड मिनिटाचा व्हिडिओ स्वतः शूट आणि एडिट करेल. मानधन एकूण १२,००० रुपये, प्रवासखर्च त्यातच. ट्रायपॉड आणि कॉलर माइक मी आणेन. कॉलेजकडून एक वर्ग, प्रोजेक्टर आणि चार्जिंगची सोय अपेक्षित आहे.”

साडेतीनची वेळ मुद्दाम. खेड्यावरच्या पोरींची एसटी चुकली तर दुसऱ्या दिवशी त्या येत नाहीत. माइकचा उल्लेखही मुद्दाम, कारण लिलावाच्या गलक्यात मोबाइल दोन हात दूर धरला की बोलणाऱ्याचा आवाजच सापडत नाही, आणि तसं फुटेज एडिटिंगमध्ये सुधारत नाही.

१२,००० म्हणजे विद्यार्थ्यामागे ३०० रुपये. ग्रामीण कॉलेजला तेवढेही एकदम जड जातात, म्हणून खाली पर्याय द्या: कॉलेजने ६,००० द्यावेत, उरलेले विद्यार्थ्यांकडून प्रत्येकी १५०. वर्गणी गोळा कॉलेजनेच करावी, आपण पोरांकडून रोख घेऊ नये. घासाघीस झालीच तर मानधन कमी करण्याआधी एक दिवस कमी करा. फुकटात एकदा केलं की पुढच्या वर्षीही तोच भाव धरतात.

हजेरीपट, फोटो, विद्यार्थ्यांचे अभिप्राय आणि अहवाल देण्याचं मेलमध्ये कबूल करा; नॅकच्या फायलीला ते लागतात. पण याला ‘सर्टिफिकेट कोर्स’ म्हणू नका. नॅकच्या हिशेबात त्याला किमान ३० तास लागतात, आपले होतात दहा. ‘कार्यशाळा’ हेच बरोबर.

पैसे बहुतेक वेळा कार्यक्रम झाल्यावर बिलावरच मिळतात. तेव्हा ‘बिल दिल्यापासून १५ दिवसांत, बँक खात्यात’ एवढी ओळ शेवटी हवी. बिलासोबत पॅन आणि रद्द केलेला चेक द्यावा लागतो, तो तयार ठेवा. मेल टाकून दोन दिवसांनी स्वतः प्रिंट घेऊन ऑफिसात जा आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का मागून घ्या.