‘म’ म्हणजे 2350, म्हणजेच 92E

फर्स्ट इयरला नंबर सिस्टिमचा धडा, म्हणजे 2 च्या पायाची बायनरी, 10 च्या पायाची डेसिमल आणि 16 च्या पायाची हेक्स, सहसा असा शिकवतात: बायनरीतून डेसिमल, डेसिमलमधून बायनरी, बायनरीतून हेक्स आणि अशीच उरलेली. एकूण सहा रूपांतरं, प्रत्येकाची वेगळी रीत. मीही त्या सहा रीती घोकूनच पेपर दिला आणि मार्कही बरे पडले. पण त्या सहा नसून जेमतेम दोनच आहेत, हे कळलं ते एकच संख्या घेऊन कागदावर सावकाश सगळीकडून फिरवली तेव्हा. ती संख्या होती 2350. हीच का, ते पुढे येईल.

आधी बायनरी. रीत सगळ्यांना माहीत असते: 2 ने भागत जायचं, बाकी बाजूला लिहायची, भागाकार 0 झाला की थांबायचं आणि बाक्या खालून वर वाचायच्या.

```
2350 / 2 = 1175   बाकी 0
1175 / 2 =  587   बाकी 1
 587 / 2 =  293   बाकी 1
 293 / 2 =  146   बाकी 1

 146 / 2 =   73   बाकी 0
  73 / 2 =   36   बाकी 1
  36 / 2 =   18   बाकी 0
  18 / 2 =    9   बाकी 0

   9 / 2 =    4   बाकी 1
   4 / 2 =    2   बाकी 0
   2 / 2 =    1   बाकी 0
   1 / 2 =    0   बाकी 1
```

खालून वर वाचलं की 100100101110. मधल्या मोकळ्या ओळी मी मुद्दाम सोडल्या आहेत. आता तीच संख्या 16 ने भागून हेक्समध्ये नेऊ:

```
2350 / 16 = 146   बाकी 14  (E)
 146 / 16 =   9   बाकी  2
   9 / 16 =   0   बाकी  9
```

खालून वर: 92E. हेक्समध्ये 10 ते 15 साठी A ते F ही अक्षरं असतात, म्हणून 14 चा E.

दोन्ही मांडण्या शेजारी ठेवून बघा. 146 आणि 9 दोन्हीकडे आले आहेत. 2 ने चार वेळा भागणं म्हणजे 16 ने एकदा भागणं, मग दुसरं काय होणार? पहिल्या चार बाक्या खालून वर वाचल्या तर 1110, म्हणजे 14, म्हणजे E. पुढच्या चार 0010, म्हणजे 2. शेवटच्या चार 1001, म्हणजे 9. हेक्सचा एकेक अंक म्हणजे बायनरीच्या चार-चार अंकांचं, म्हणजे बिटांचं, गाठोडं. हे वाक्य पुस्तकात वाचलेलं असतंच, पण ते 146 दोन्हीकडे उगवलेलं स्वतःच्या अक्षरात दिसलं की मग विसरत नाही.

तेव्हापासून मी डेसिमलमधून थेट बायनरीत जात नाही. आधी 16 ने भागतो, हेक्स काढतो आणि प्रत्येक अंकाच्या जागी चार बिट ठेवतो. बाराऐवजी तीन भागाकार, आणि तेही ज्याला सोळाचा पाढा येतो त्याला तोंडी. पूर्वी सोळा आण्यांचा रुपया होता, तेव्हाच्या दुकानदाराला 2350 आण्यांचे 146 रुपये 14 आणे करायला कागदसुद्धा लागला नसता. 1957 साली दशमान नाणी आली आणि आपली ती सवय गेली.

चार बिटांचा तक्ता सोळा ओळींचा असतो. तो मी पूर्ण पाठ केला नाही. 0 ते 9 करता येतातच. वरच्यांपैकी A म्हणजे 1010, C म्हणजे 1100 आणि F म्हणजे 1111 एवढेच लक्षात ठेवले. B आणि D हे C च्या अलीकडचे-पलीकडचे, आणि E म्हणजे F मधून एक वजा.

उलट यायचं असेल तर आम्हाला घातांक शिकवले होते: 9 गुणिले 256, अधिक 2 गुणिले 16, अधिक 14. बरोबरच आहे, पण मला भागाकाराची मांडणी उलटी चालवणं सोपं वाटतं. डावीकडचा अंक घ्या, 16 ने गुणा, पुढचा मिळवा, पुन्हा 16 ने गुणा. 9 चे 144, अधिक 2 म्हणजे 146. 146 चे 2336, अधिक 14 म्हणजे 2350. बायनरीतही हेच, फक्त दुप्पट करत जायचं: 1, 2, 4, 9, 18, 36, 73, 146, 293, 587, 1175, 2350. वरच्या बायनरीच्या मांडणीतले भागाकार खालून वर वाचा, हेच आकडे येतात.

चार-चारचे गट पाडताना एक गोष्ट सांभाळावी लागते: गट उजवीकडून पाडायचे. 1101011 हे सात बिट घ्या. डावीकडून पाडले तर 1101 आणि 011, म्हणजे D3, म्हणजे 211. उजवीकडून पाडून डावीकडे शून्य भरलं तर 0110 आणि 1011, म्हणजे 6B, म्हणजे 107. बरोबर उत्तर 107. पुन्हा न सोडवताही चूक पकडता येते, कारण सात बिटांत जास्तीत जास्त 127 मावतात. 211 तिथे येणंच शक्य नाही. हेक्समधून बायनरीत जातानाही तसंच. 205 या हेक्सचं 0010 0000 0101 व्हायला हवं. मधल्या 0 ची चार शून्यं आणि 5 च्या आधीचं शून्य आळस करून गाळलं, तर 10101 उरतं आणि 517 चे 21 होतात. सगळ्यात डावीकडची शून्यं सोडली तर चालतं, मधली नाही.

आणि डेसिमलच्या अंकांना हा चार-चारचा खेळ लागू होत नाही. 23 चं बायनरी 0010 0011 लिहिणारे वर्गात दरवर्षी भेटतात. ते 35 झालं. 23 म्हणजे 10111. 10 ही 2 ची घात नाही, त्यामुळे डेसिमलचा अंक ठरावीक बिटांत बसत नाही आणि भागाकाराला पर्याय राहत नाही. बायनरी आणि हेक्स ही एकाच घरातली, डेसिमल बाहेरचं. म्हणून मी सुरुवातीला दोनच रीती म्हटलं: घरातल्या घरात गट पाडायचे, बाहेर जाता-येता भागायचं किंवा गुणायचं.

पडताळ्याची एक युक्ती परीक्षेत फार उपयोगी पडते. हेक्समधल्या अंकांची बेरीज आणि मूळ संख्या, दोघांनाही 15 ने भागा; बाकी सारखी यायला हवी. 9 अधिक 2 अधिक 14 म्हणजे 25, बाकी 10. 2350 ला 15 ने भागून बाकी 10. जमलं. मात्र अंकांची अदलाबदल यात सापडत नाही. बाक्या वरून खाली वाचून कुणी E29 लिहिलं तरी बाकी 10 च येणार. तिथे सम-विषम बघायचं: 2350 सम आहे आणि 9 ने संपणारं हेक्स विषम असतं.

आता 2350 च का, ते. गावच्या वाचनालयातल्या पुस्तकांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये होती. ती स्प्रेडशीटमध्ये उघडली तर नावांच्या जागी `à¤®` असली चित्रविचित्र अक्षरं. मराठी मजकुराची ही दुर्दशा आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. फाइल दुसऱ्या एन्कोडिंगने, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांवरून अक्षरं ओळखण्याच्या दुसऱ्या रीतीने, उघडून प्रश्न सुटलाही, पण नेमकी हीच चिन्हं का, ते काढायचं मी ठरवलं. युनिकोडमध्ये ‘म’ चा क्रमांक 2350 आहे, तो तक्त्यांमध्ये `U+092E` असा हेक्समध्ये छापतात. पायथॉनमध्ये बघता येतं:

```
>>> ord('म')
2350
>>> hex(2350)
'0x92e'
>>> 'म'.encode('utf-8').hex()
'e0a4ae'
```

`0x` ही फक्त पुढची संख्या हेक्स असल्याची खूण. पण फाइलमध्ये 092E नसून E0 A4 AE हे तीन बाइट, म्हणजे आठ-आठ बिटांचे तीन गट, आहेत, ते कुठून आले? इथे हेक्सकडे टक लावून काही दिसत नाही, बिटांपर्यंत उतरावं लागतं. फाइल यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये होती, आणि त्यात 2048 ते 65535 या क्रमांकांसाठी तीन बाइट लागतात. त्यांची सुरुवात अनुक्रमे 1110, 10 आणि 10 अशी ठरलेली असते. उरलेल्या जागांत आपले सोळा बिट 4, 6, 6 असे भरायचे:

```
092E  =  0000 1001 0010 1110
4-6-6 :  0000  100100  101110

1110 0000   1010 0100   1010 1110
   E   0       A   4       A   E
```

हेक्सचे गट चारचे आणि इथले तुकडे सहाचे, म्हणून 92E मोडून गेलं. शेवटचा E तेवढा टिकला, कारण सहाच्या तुकड्यातले शेवटचे चार बिट तेच राहतात.

त्या स्प्रेडशीटने हे तीन बाइट तीन स्वतंत्र अक्षरं समजून विंडोज-1252 या जुन्या तक्त्यात शोधले. तिथे E0 म्हणजे `à`, A4 म्हणजे `¤` आणि AE म्हणजे `®`. झाला `à¤®`.

यादीत पुढे `à¥€` होतं, ते मी कागदावर उलट सोडवलं. त्याच तक्त्यात `¥` म्हणजे A5 आणि `€` म्हणजे 80. बाइट E0 A5 80. बिट 1110 0000, 1010 0101, 1000 0000. सुरुवातीच्या ठरलेल्या खुणा काढल्या की 0000, 100101, 000000 उरतात. ते जोडून उजवीकडून चार-चारचे गट: 0000 1001 0100 0000, म्हणजे 0940. डेसिमलमध्ये 9 चे 144, अधिक 4 म्हणजे 148, त्याचे 2368. `chr(2368)` दिलं तर दीर्घ वेलांटी आली.

आणि बिघडलेल्या मराठीत `à¤` आणि `à¥` इतके का दिसतात, तेही यातच आलं. देवनागरीचे क्रमांक 0900 ते 097F. त्यातल्या 093F पर्यंतच्यांचा मधला तुकडा 100100, म्हणजे A4. 0940 पासून पुढच्यांचा 100101, म्हणजे A5. पहिला बाइट सगळ्यांचाच E0. अक्षर कोणतं हे ठरतं ते तिसऱ्या बाइटच्या शेवटच्या सहा बिटांत, आणि दुसरा बाइट A4 की A5 यावर.