वाक्यातला हरवलेला कर्ता

"ताई, इंग्रजीवरून केलेल्या मराठी पत्रकात व्याकरणाची चूक नसते, तरी वाचताना अडखळायला होते. अशी लांबलचक वाक्ये तुम्ही सरळ कशी करता?"

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारांसाठी निघणारी पत्रके माझ्याकडे शेवटच्या वाचनाला येतात. त्यांतले एक वाक्य मी अजून जपून ठेवले आहे: "निर्यातीसाठी निवडण्यात आलेल्या बागांमध्ये, ज्यांची नोंदणी विभागाद्वारे केली गेलेली असणे आवश्यक आहे, शिफारस न केल्या गेलेल्या औषधांची फवारणी शेतकऱ्यांद्वारे केली जाऊ नये, कारण त्यांचे उर्वरित अंश द्राक्षांमध्ये आढळले जाऊ शकतात, ज्यामुळे माल परत पाठवला जाण्याची शक्यता नाकारली जाऊ शकत नाही."

हे वाक्य मी निफाडकडच्या एका बागायतदारांना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे नोंदणी विभागच करून देणार, आम्हाला काही करायचे नाही, असेच ना?" प्रत्यक्षात अर्ज शेतकऱ्याने करायचा असतो आणि नोंद कृषी विभाग करतो. 'द्वारे' आणि 'केली गेलेली' या शब्दांनी शेतकऱ्याचे काम वाक्यातून पुसून टाकले होते. म्हणून मी शब्द बदलण्याआधी पेन्सिलीने प्रत्येक क्रियापदाखाली खूण करते आणि समोर लिहिते की ते काम कोण करतो. या वाक्यात निवडणे, नोंदवणे, शिफारस करणे, फवारणे, आढळणे, परत पाठवणे अशा सहा मुख्य क्रिया निघाल्या. विभाग आणि शेतकरी सोडले तर बाकीच्यांचा कर्ता वाक्यात कुठेच नव्हता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कर्मणी प्रयोग मराठीला परका नाही. 'शेतकऱ्याने औषध फवारले' हे वाक्य कर्मणीच आहे, कारण क्रियापद औषधाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. परका वाटतो तो 'शेतकऱ्याद्वारे औषध फवारले गेले' हा साचा, ज्याला आपली शालेय व्याकरणे 'नवीन कर्मणी' म्हणतात आणि ज्याचे मूळ इंग्रजीत शोधतात. इंग्रजीला कर्म पुढे आणायचे असले की क्रियापदाचे रूप बदलावे लागते. मराठीला नुसता क्रम बदलला तरी पुरते. 'माल व्यापाऱ्याने परत पाठवला' असे म्हटले की माल पुढे आला, व्यापारी जागेवर राहिला आणि 'गेला'ची गरजच उरली नाही.

'आढळले जाऊ शकतात' ही तर उघड चूक आहे. आढळणे, सापडणे, दिसणे, मिळणे या क्रियापदांच्या अर्थात मुळातच मुद्दाम काम करणारा कोणी नसतो. त्यांना 'जाणे' जोडले की एकाच अर्थावर दोन झाकणे बसतात. तसेच 'ज्यांची'चे. इंग्रजीत संबंधी वाक्य नामाच्या मागे लोंबते, मराठीत ते सहसा आधी येते आणि 'ज्या'ला 'त्या' भेटते. ही जोडी जमली की लांब वाक्यही दमवत नाही. म्हणूनच वाक्य लांब आहे एवढ्यासाठी मी ते तोडत नाही.

इथे मात्र तीन वेगळ्या गोष्टी एकात गुंतल्या होत्या, म्हणून तोडले आणि शेवटी ते असे झाले: "ज्या बागांतला माल निर्यात करायचा आहे, त्या बागांची नोंदणी शेतकऱ्यांनी कृषी विभागाकडे करून घ्यावी. या बागांत शिफारस नसलेले औषध फवारू नये. त्याचा उर्वरित अंश द्राक्षात सापडला, तर माल परत येऊ शकतो." 'शक्यता नाकारली जाऊ शकत नाही' या पाच शब्दांचे काम 'येऊ शकतो' या दोघांनी केले.

सगळेच 'करण्यात आले' मात्र मी काढत नाही. 'पंचनामा करण्यात आला' या वाक्यात कोणी केला हे महत्त्वाचे नसेल, तर ते जसेच्या तसे राहू द्यावे. आणि मूळ मजकुराने कर्ता सांगितलाच नसेल, तर तो आपल्या अंदाजाने घालणे हा अपराध आहे. 'शिफारस नसलेले' म्हणजे कोणाची शिफारस, हे या वाक्यात नव्हते. विद्यापीठाची, कंपनीची की निर्यातदाराची, हे मी ठरवायचे नव्हते. म्हणून तेवढी जागा मी मोकळी ठेवली आणि पत्रक काढणाऱ्या कृषितज्ज्ञांना फोन करून विचारले.

नवे वाक्य त्याच बागायतदारांना ऐकवले तेव्हा त्यांनी लगेच विचारले, "मग अर्ज कुठे द्यायचा आणि कधीपर्यंत?" मूळ इंग्रजी पत्रकातही याचे उत्तर नव्हते. कृषितज्ज्ञांना दुसरा फोन त्यासाठी करावा लागला.