गाडी शिकणे : एकूण रुपये

परवा दुपारी वीज गेली आणि करायला काही उरलं नाही, म्हणून घरखर्चाची वही उघडून बसले. शेवटच्या पानावर वर लिहिलं होतं, ‘गाडी शिकणे’. खाली रकमा होत्या, पण बेरीज नव्हती. बेरीज न केलेलं पान दिसलं की मला चैन पडत नाही. हा आमच्या घराण्याचा दोष आहे, अण्णांकडून आलेला. अण्णा रद्दीचे पैसेसुद्धा जमेच्या बाजूला लिहायचे.

पहिली रक्कम क्लासची, ६,०००. साताऱ्यात मी तीन ठिकाणी चौकशी केली होती. दर जवळपास सारखेच. फरक होता तो ‘लायसन्ससकट’ आणि ‘लायसन्सशिवाय’ एवढाच. लायसन्ससकट ९,५००. वरचे साडेतीन हजार कशाचे, असं विचारल्यावर समोरचे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, तुम्हाला काही बघायलाच लागणार नाही.” मला तर बघायचंच होतं.

बघितल्यावर कळलं की सरकारी फी अगदी चिल्लर असते. लर्निंगचे १५० आणि त्याच्या परीक्षेचे ५०. पुढे पक्क्या लायसन्सला ट्रायलचे ३००, लायसन्सचे २०० आणि स्मार्ट कार्डाचे २००. मी पहिल्या ट्रायलला नापास झाले म्हणून आणखी ३००, आणि टपाल वगैरे ७०. सगळे मिळून १,२७०. लर्निंगची परीक्षा तर घरी बसूनच दिली, आधार नंबर टाकून, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. मला तेरा मिळाले. चुकलेले दोन्ही प्रश्न पाट्यांचे होते. त्या पाट्यांवरून मी वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून गेले आहे. तेवढा वेळ स्वयंपाकघरात कुणी यायचं नाही असा हुकूम काढला होता, तरी कुकरने तीन शिट्ट्या दिल्याच.

चाळिशी उलटली की डॉक्टरांचा दाखला लागतो, फॉर्म वन-ए. आमच्या डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, दोन्ही हात वर करायला सांगितले, २०० रुपये घेतले आणि “आता कशाला गं हे?” असं विचारलं. झेरॉक्सचे ६०. ‘एल’च्या स्टिकरचे ४०, पुढे एक, मागे एक, पांढऱ्यावर लाल. बॉनेटच्या पलीकडचं दिसावं म्हणून सीटवर ठेवायला उशी घेतली, तिचे ३५०. उशी नंतर पोळ्या लाटताना स्टुलावर आली. तरी ती मी याच पानावर ठेवली आहे.

आता क्लासचं सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे. नियमाने क्लास एकवीस दिवसांचा आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं दहा तासांचं असावं लागतं. रोज अर्धा तास धरला तर हिशोब बसतो. पण गाडीत आम्ही चौघं असायचो. मी चालवायला बसले की आधीच्या मुलीला तिच्या दारात सोडायचं, पुढच्या काकांना त्यांच्या दारातून घ्यायचं. काका चप्पल शोधत असले की माझी मिनिटं जायची. मी घड्याळ लावून बघितलं (हा दुसरा दोष), रोजची सरासरी वीस मिनिटं भरली. एकवीस दिवसांचे सात तास. म्हणजे तासाला साडेआठशेच्या वर.

त्यातही स्टिअरिंग तेवढं माझं. क्लासच्या गाडीला डबल कंट्रोल असतो, सरांच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक. अकराव्या दिवशी पोवई नाक्यावर मी इतकी सुरेख गाडी काढली की मला स्वतःचं कौतुक वाटलं. मान खाली घालून पाहिलं तर सरांचा डावा पाय हळूच वर येत होता. तोंडाने ते मोबाइलवर कुणाला तरी उद्याची वेळ देत होते. त्यांच्या पायाला वाईट सवय होती असं नाही. भर नाक्यावर गाडी बंद पडली तर मागचे लोक शिव्या त्यांना देणार. पण त्या पायामुळे एकवीस दिवसांत माझी गाडी दोनदाच बंद पडली, आणि मला वाटलं, आपल्याला येतंय.

हे वाटणं ट्रायलच्या दिवशी उतरलं. क्लासची गाडी ट्रायलला आणायचे ७०० वेगळे. इन्स्पेक्टर साहेबांनी पुढे घ्या म्हटलं, घेतली. रिव्हर्स म्हटलं, तोही जमला. मग चढावर थांबवून म्हणाले, “आता काढा.” मी ब्रेकवरून पाय उचलला, अ‍ॅक्सिलेटरवर ठेवेपर्यंत गाडी मागे सरकली. घाबरून क्लच सोडला, गाडी आचका देऊन बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा मागे. साहेब रागावले नाहीत, “सात दिवसांनी या” एवढंच म्हणाले.

मग नवरा कामाला लागला. घरच्या गाडीत, सकाळी सहाला, एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर. पहिल्या सकाळी गाडी चौदा वेळा बंद पडली. पंधराव्यांदा तो म्हणाला, “अ‍ॅक्सिलेटर विसरून जा. नुसता क्लच.” सपाट रस्त्यावर पहिला गिअर टाकून, उजवा पाय नुसता खाली ठेवून, क्लच इतका हळू सोडायचा की गाडी स्वतःहून मुंगीसारखी निघेल. अर्धा तास तेवढंच. मग चढावर हँडब्रेक ओढून क्लच त्याच जागेपर्यंत आणायचा. तिथे इंजिनाचा आवाज जरा जड होतो, बॉनेट जरासं उचलल्यासारखं वाटतं आणि गाडी दावणीला बांधलेल्या वासरासारखी पुढे ओढ घेते. ती ओढ कळली की थोडं पेट्रोल द्यायचं आणि हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे जातच नाही. हाफ क्लच, हाफ क्लच असं सर एकवीस दिवस म्हणत होते, पण ती ओढ त्यांच्या तळव्याला लागत होती, माझ्या नाही. समर्थ मंदिराकडच्या चढावर मला ती पहिल्यांदा लागली आणि मी इतकी खूश झाले की पुन्हा गाडी बंद पाडली.

सात दिवसांनी काही गेले नाही. पाय पक्का होईपर्यंत सरावच केला, अशा सकाळी चोवीस झाल्या. पेट्रोल मी टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजलं. ३१२ किलोमीटर आणि ३३ लिटर. एरवी सतराचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी माझ्या हाती साडेनऊवर आली, कारण पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर आम्ही गेलोच नाही आणि उरलेला वेळ गाडी जागेवर सुरू ठेवून आमचं बोलणं (त्याला भांडण म्हणत नाहीत) चालायचं. लिटरला १०४ धरून ३,४३२ झाले. वीस तास मी गाडी चालवली, माझ्या पायांनी. तासाला पावणेदोनशेसुद्धा पडले नाहीत. नवऱ्याच्या झोपेचं काय लावायचं ते ठरत नव्हतं, म्हणून लावलं नाही.

दुसऱ्या ट्रायलला घरचीच गाडी नेली. आदल्या रात्री कागद काढले तर पीयूसी संपलेली, तिचे १२५. पीयूसी ही गाडीची, शिकण्याची नव्हे, असं नवरा म्हणाला. ट्रायल नसती तर आपण ती काढली असती का, असं मी विचारलं. रक्कम याच पानावर राहिली.

सगळ्यात जास्त वाद मात्र खांबावरून झाला. सतराव्या सकाळी परत येताना आमच्याच फाटकाच्या खांबाला डावं दार घासलं. डेंटिंग-पेंटिंगचे ४,२००. इन्शुरन्स मिळाला असता, लर्निंग होतं आणि शेजारी लायसन्सवाला बसलेला होता. पण क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षं साठवलेला पन्नास टक्के बोनस घालवण्यापेक्षा खिशातून देणं स्वस्त पडलं. प्रश्न एवढाच, की हे दुरुस्तीच्या सदरात जायचं का शिकण्याच्या. लायसन्स हातात येण्याआधी घासलं ते शिकणं, नंतर घासेल ती दुरुस्ती, असं मी ठरवलं.

मेणबत्तीच्या उजेडात दोनदा बेरीज केली. एकूण रुपये १६,३७७. त्यात सरकारचे रुपयामागे आठ पैसेसुद्धा नाहीत. ‘लायसन्सला खर्च किती येतो?’ असं परवाच शेजारच्या सुनेने विचारलं होतं आणि मी ‘हजार-बाराशे’ म्हणून मोकळी झाले होते. तिला जाऊन सांगायला हवं.

वही ठेवायला कपाट उघडलं तर खाली अण्णांच्या वह्या. १९९३ची काढली, कारण त्या साली मी अकरा वर्षांची होते आणि तळ्याजवळच्या दुकानातून भाड्याने सायकल आणायची. तासाला एक रुपया. सायकल मोठ्यांची, त्यामुळे दांडीखालून पाय घालून अर्धं पेडल मारत जायचं. अण्णा मागे कॅरिअर धरून पळायचे, धोतराचा सोगा दातात धरून. चौथ्या रविवारी त्यांनी हात सोडला ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं आणि थेट गटारात गेले. त्यानंतर दुचाकी म्हणून ज्या ज्या गोष्टी आहेत त्यांच्या वाटेला मी गेले नाही.

वहीत सगळं होतं. सायकल भाडे १.००, असं चार वेळा. चौथ्याच्या खाली ‘टिंक्चर व पट्टी ३.५०’. त्याच्या खाली अण्णांनी पुढच्या रविवारची तारीख घातली होती, आणि ‘सायकल भाडे’ असं लिहून पुढची जागा कोरी सोडली होती.