पिंपल्सची कॅप्सूल आणि पाळीची तारीख

“औषध पिंपल्सचं, आणि तुम्ही मुलीला पाळी कधी आली ते विचारता. त्याचा इथे काय संबंध?”

औषधाच्या दुकानात, काउंटरवर हा प्रश्न मला बहुतेक वेळा आई विचारते, क्वचित मुलगी स्वतः. चिठ्ठीवर आयसोट्रेटिनॉइन २० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, रोज एक, जेवणानंतर. चेहऱ्यावर, पाठीवर गाठीसारखे मोठे, दुखरे, डाग ठेवून जाणारे पिंपल्स असतील आणि बाकीचे उपाय थकले असतील, तर त्वचेचे डॉक्टर ही कॅप्सूल देतात. औषध गुणी आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण पोटात बाळ असताना ते घेतलं तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. कान अगदी छोटे राहतात किंवा बनतच नाहीत, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांची जडणघडण बिघडते, मेंदूत पाणी साचतं. गर्भपाताचा धोकाही वाढतो.

अमेरिकेत हे औषध १९८२ मध्ये बाजारात आलं. १९८५ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी गरोदरपणात ते पोटात गेलेल्या १५४ जणींची माहिती छापली. त्यातल्या ९५ जणींनी गर्भपात करून घेतला. उरलेल्या ५९ पैकी १२ जणींचा गर्भ आपोआप पडला, २१ बाळं मोठं व्यंग घेऊन जन्मली आणि २६ बाळांमध्ये मोठं व्यंग दिसलं नाही. जी बाळं वरून धडधाकट दिसली त्यांच्यापैकी काहींना पुढे शिकण्यात, समजण्यात अडचणी आल्याचं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. म्हणून ‘सोनोग्राफी चांगली आली, आता चिंता नाही’ असं इथे म्हणता येत नाही. आणि ‘एवढीच घेतली तर चालते’ अशी सुरक्षित मात्रा कोणालाच माहीत नाही.

आता पाळीचं. आयसोट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत पेशींनी कुठे जायचं आणि काय व्हायचं, हे याच घराण्यातल्या रेणूच्या कमीजास्त प्रमाणावर ठरत असतं. बाहेरून त्याचा पूर आला की कान, जबडा, हृदय घडवणाऱ्या पेशी वाट चुकतात. सर्वात नाजूक काळ गर्भ राहिल्यानंतरचा साधारण तिसरा ते पाचवा आठवडा. पाळी चुकते ती गर्भ राहिल्यावर सुमारे दोन आठवड्यांनी. म्हणजे ‘होते कधीकधी पुढेमागे, बघू आणखी आठ-पंधरा दिवस’ म्हणत जो वेळ जातो, नेमका तोच काळ सगळ्यात घातक. दिवस गेल्याचं कळेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असू शकतं.

त्यात आणखी एक गोम आहे. इतके जास्त पिंपल्स असणाऱ्या कितीतरी मुलींना पीसीओडी असतं. त्यांची पाळी मुळातच दीड-दोन महिन्यांनी येते. पाळी चुकली की सावध व्हायचं, हा नियम त्यांना कसा लागू पडणार? म्हणून नवरा किंवा जोडीदाराशी संबंध असतील तर पाळीची वाट बघायची नाही, कॅलेंडर बघायचं. दर महिन्याला, नवीन पट्ट्या घेण्याआधी, सकाळच्या पहिल्या लघवीवर किट लावायचं. संबंध येऊन तीन आठवडे झाले नसतील तर किटची एक रेघ पक्की धरायची नाही, टेस्ट पुन्हा करायची. औषध सुरू करण्याआधीही टेस्ट हवीच, आणि ती निगेटिव्ह आल्यावर पुढच्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिली कॅप्सूल. मी तारीख विचारते ती यासाठी.

गर्भनिरोधन औषध सुरू होण्याच्या एक महिना आधीपासून, औषध चालू असेपर्यंत आणि शेवटच्या कॅप्सूलनंतर निदान एक महिना हवं. शेवटच्या कॅप्सूलनंतर काही आठवड्यांत औषध शरीरातून निघून जातं, म्हणून महिना. पाकिटावर किंवा तुमच्या डॉक्टरांनी याहून मोठी मुदत सांगितली असेल तर ती पाळा. तांबी असेल तर उत्तम. नाहीतर दोन हार्मोन असलेल्या नेहमीच्या गोळ्या आणि जोडीला कंडोम. एकाच हार्मोनच्या कमी डोसाच्या गोळ्यांवर, ज्या बाळाला पाजणाऱ्या बायकांना देतात, त्यांच्यावर इथे विसंबू नये. आणि ७२ तासांची गोळी म्हणजे गर्भनिरोधनाची पद्धत नव्हे, ती फसलेल्या दिवसासाठी आहे. हे मला फार वेळा सांगावं लागतं.

एक उदाहरण सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. फेब्रुवारीत एक काकू चिठ्ठी घेऊन आल्या. मुलगी पंचवीस वर्षांची, वजन ५० किलो, लग्न मेअखेरीला. “लग्नाआधी चेहरा साफ झाला पाहिजे, तीन महिन्यांच्या एकदमच देऊन टाका.” मी कागदावर हिशेब मांडला. पूर्ण कोर्समध्ये किलोमागे साधारण १२० मिलिग्रॅम औषध पोटात जावं असा रिवाज आहे. पन्नास किलोला झाले ६००० मिलिग्रॅम. रोज २० प्रमाणे ३०० दिवस, म्हणजे दहा महिने. मेपर्यंत तिसरा हिस्साही धड होत नाही. अर्धवट सोडलं तर पिंपल्स परत यायची शक्यता जास्त. एप्रिलअखेर थांबवलं तरच लग्नाआधी महिना मोकळा मिळतो. लग्नानंतर चालू ठेवायचं तर गर्भनिरोधन मेच्या आधी सुरू व्हायला हवं. मी तीस कॅप्सूल बाजूला काढून ठेवल्या आणि म्हटलं, “काकू, ताईंना स्वतःला येऊ दे. पाच मिनिटांचं काम आहे.”

दुसऱ्या दिवशी ती एकटी आली. काउंटरच्या कडेला उभी राहून म्हणाली, “आम्हाला दोन वर्षं तरी मूल नकोय, पण हे आईसमोर कसं बोलू?” तिला मी तिच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे आणि त्यांच्यामार्फत स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे एप्रिलच्या पाळीपासून रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू झाल्या. पाळी अनियमित होतीच, त्यामुळे घरी वेगळं कारण सांगावं लागलं नाही. लग्नानंतर कंडोम आणि दर महिन्याला किट. पार्लरवाल्या बाईंना मात्र तिने वॅक्सिंगला साफ नकार दिला, ते तिने मला मुद्दाम येऊन सांगितलं. या औषधावर त्वचा इतकी नाजूक होते की वॅक्सबरोबर सालपटं निघतात. औषध चालू असताना आणि नंतर सहा महिने वॅक्स टाळायचं.

मी ‘लग्न झालंय का’ असं कधीच विचारत नाही. त्या प्रश्नाला आईसमोर एकच उत्तर येतं आणि त्यातून मला कामाचं काहीच कळत नाही. सगळ्यांना एकच वाक्य सांगते: “या औषधात दिवस राहता कामा नयेत, शेवटची पाळी कधी आली आणि टेस्ट झाली का?” मग ती शाळेतली मुलगी असो वा दोन लेकरांची आई.

अमेरिकेत २००६ पासून आयप्लेज नावाची नोंदणी आहे. तिथे दर महिन्याची टेस्ट नोंदवल्याशिवाय दुकानदाराला औषध देताच येत नाही, आणि एका वेळी फक्त तीस दिवसांचं मिळतं. आपल्याकडे अशी मध्यवर्ती नोंदणी नाही. औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही एवढा कायदा आहे, पण मागच्या वर्षीच्या चिठ्ठीचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो, मैत्रिणीची उरलेली पट्टी, ‘मागच्या वेळी हीच दिली होती की’, या वाटा उघड्याच राहतात. मी चिठ्ठीच्या मागे तारीख टाकून शिक्का मारते आणि महिन्याचंच देते. लोक चिडतात. चिडू देत. पण उरलेली पट्टी घरात ठेवू नका, बहिणीला तर मुळीच देऊ नका.

रक्ततपासणीचं थोडक्यात. सुरुवातीला आणि मग साधारण महिन्याभराने लिव्हरची एसजीपीटी आणि लिपिड प्रोफाइल करतात. बघायचं असतं ते ट्रायग्लिसराइड, कारण ते या औषधाने वाढतं. पण रविवारचं मटण जेवून संध्याकाळी रक्त दिलं तर आकडा तसाही फुगतो, म्हणून रात्रभर उपाशीपोटी जा. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं की डॉक्टर डोस कमी करायचा की थांबायचं याचा विचार करतात. खूपच वाढलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पोटात वर, पाठीपर्यंत जाणारी कळ आणि उलट्या असतील तर वाट बघू नका. ओठ कोरडे पडून फुटणं मात्र जवळजवळ सगळ्यांना होतं, त्याला साधी व्हॅसलीन पुरते. मन सतत उदास राहिलं, झोप उडाली, जीव नकोसा वाटला तर कॅप्सूल थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आणि हे घरातल्या एकाला तरी आधी सांगून ठेवा.

दुसऱ्या डॉक्टरकडे ताप-खोकल्यासाठी गेलात तर हे औषध चालू असल्याचं सांगा. डॉक्सिसायक्लिन किंवा त्या गटातलं अँटिबायोटिक याच्या जोडीने घेतलं तर कवटीतला दाब वाढून डोकं फुटल्यासारखं दुखू शकतं, नजर धूसर होऊ शकते. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्याही सोबत नकोत.

एवढं करूनही पाळी चुकली तर? त्याच दिवशी कॅप्सूल बंद. मग टेस्ट, आणि पॉझिटिव्ह आली तर लगेच स्त्रीरोगतज्ज्ञ. दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या मागून घेऊ नका. किती आठवडे झालेत, गर्भ पिशवीतच आहे ना, हे बघितल्याशिवाय त्या घेणं धोक्याचं असतं. बाळ ठेवायचं की नाही हा निर्णय तिचा. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने कायदेशीर गर्भपात होतो, आणि तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. लग्न झालेलं नसलं तरीही.

मुलांना, पुरुषांना मी पाळीचं अर्थातच विचारत नाही. नवऱ्याने ही कॅप्सूल घेतली तर बाळाला धोका पोहोचल्याचं दिसलेलं नाही. पण कॉलेजातल्या रक्तदान शिबिराचं त्यांनाही विचारते. औषध चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्त द्यायचं नाही, कारण ती बाटली कुठल्या गरोदर बाईला चढेल हे रक्तपेढीलाही आधी ठाऊक नसतं.