तुम्ही विचारलंत म्हणून: सपाट माथ्याचा उतार

"सर, आरसी हाय-पासला स्क्वेअर वेव्ह दिली की आउटपुटचा सपाट माथा तिरका होतो. तो नेमका किती उतरतो ते कसं काढायचं? माझं उत्तर कधी सिम्युलेशनशी जुळत नाही, कधी स्कोपशी."

आधी सूत्र बाजूला ठेवा आणि कपॅसिटरकडे बघा. मी प्रॅक्टिकलला नेहमी एकच उदाहरण घेतो: कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड, रेझिस्टर १०० किलोओहम, म्हणजे टाइम कॉन्स्टंट १० मिलिसेकंद. स्क्वेअर वेव्ह ५०० हर्ट्झची, शून्य ते १० व्होल्ट. अर्धा पिरियड १ मिलिसेकंदाचा.

इनपुट वर उडी मारतं तेव्हा कपॅसिटरला भरायला वेळच मिळत नाही, म्हणून उडी अख्खी पलीकडे जाते. नंतर इनपुट १ मिलिसेकंद स्थिर राहतं. या वेळात रेझिस्टरवर साधारण ५ व्होल्ट असतात (५ का, ते पुढे येतंच), म्हणजे त्यातून सुमारे ५० मायक्रोअँपिअर करंट वाहतो. हाच करंट कपॅसिटरमधूनही जातो आणि त्याला भरत राहतो. ५० मायक्रोअँपिअर १ मिलिसेकंद वाहिला की ५० नॅनोकूलंब चार्ज जमा झाला. त्याला ०.१ मायक्रोफॅरडने भागलं की ०.५ व्होल्ट. कपॅसिटर ०.५ व्होल्टने भरला, इनपुट होतं तिथेच राहिलं, म्हणून आउटपुट ०.५ व्होल्टने उतरलं. माथ्याचा उतार म्हणजे कपॅसिटरमध्ये जमा झालेला चार्जच, हे एकदा डोळ्यांपुढे आलं की उत्तर तोंडी निघतं.

आता ते ५ व्होल्ट. कपॅसिटरमधून डीसी जात नाही, त्यामुळे सर्किट स्थिरावल्यावर आउटपुटची सरासरी शून्यच असली पाहिजे. इनपुट शून्य ते १० असो की उणे ५ ते अधिक ५, आउटपुट शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखंच बसतं. वरच्या माथ्याचा मध्य अधिक ५ वर, खालच्याचा उणे ५ वर. उतार ०.५ व्होल्टचा, म्हणजे माथा ५.२५ वर सुरू होतो आणि ४.७५ वर संपतो. मग इनपुट १० व्होल्ट खाली पडतं आणि आउटपुट ४.७५ वरून थेट उणे ५.२५ वर जातं. ४.७५ आणि ५.२५ मिळून बरोबर १०. ही बेरीज मी प्रत्येकाला करायला लावतो, कारण चूक तिथेच पकडली जाते.

तुमच्या वहीत दिसणारी चूक बहुतेक वेळा ही असते: माथा ५ व्होल्टवर सुरू होतो असं धरायचं आणि एक्स्पोनेन्शियल लावून ४.५२ काढायचं. उतार ०.४८ येतो. ०.५ च्या इतक्या जवळ की शंकाच येत नाही. पण ४.५२ वरून १० व्होल्टची उडी मारून बघा, आउटपुट उणे ५.४८ वर जाईल. म्हणजे खालचा माथा उणे ५ वर सुरू होणं शक्यच नाही, आणि सुरुवातीचं गृहीतच चुकलं.

सिम्युलेशनशी न जुळण्याचं कारण वेगळं आहे. तिथे कपॅसिटर रिकामा असताना सुरुवात होते. पहिलीच उडी आउटपुटवर १० व्होल्टची दिसते आणि माथा ९.०५ पर्यंत उतरतो. पहिल्याच पल्सवर कर्सर ठेवला तर उतार ०.९५, जवळजवळ दुप्पट. पण ती स्थिरावलेली अवस्था नाही. अख्खी लहर हळूहळू खाली सरकत शून्याभोवती येते, आणि त्याला पाचेक टाइम कॉन्स्टंट लागतात. आपल्या उदाहरणात ५० मिलिसेकंद, म्हणजे २५ सायकल. तेवढ्या जाऊ द्या, मग मोजा.

नेमकं सूत्र हवं असेल तर ते त्याच दोन अटींतून निघतं, उडी पूर्ण V ची आणि दोन्ही बाजू सारख्या:

`V1 = V / (1 + e^(-T/2RC))`

`V1' = V1 · e^(-T/2RC)`

यात V म्हणजे इनपुटची वरपासून खालपर्यंतची पूर्ण उंची. आपले आकडे घातले तर ५.२५० आणि ४.७५० येतात, उतार ०.४९९६ व्होल्ट. तोंडी काढलेल्या ०.५ मध्ये दोष जेमतेम हजारात एक. टिल्टची टक्केवारी हा उतार V/2 शी, म्हणजे ५ व्होल्टशी तोलून सांगतात, म्हणून ती १० टक्के.

तोंडी हिशोब चालतो तो माथा जवळपास सरळ आहे तोवरच, कारण आपण करंट सगळा वेळ सारखा धरला. रेझिस्टर १० किलोओहम करा. अर्धा पिरियड आणि टाइम कॉन्स्टंट दोन्ही १ मिलिसेकंद. तोंडी हिशोब ५ व्होल्टचा उतार सांगतो, पण खरा माथा ७.३१ वरून २.६९ वर येतो, उतार ४.६२. शिवाय माथा आता स्पष्ट वाकलेला दिसतो. डोळ्याला वाक दिसला की सूत्राकडे वळायचं, ही माझी खूण. रेझिस्टर १ किलोओहम केला तर माथाच उरत नाही. १० व्होल्टचा टोकदार काटा वर, तसाच खाली, आणि मधे शून्य. डिफरन्शिएटर हे नाव या अवस्थेला शोभतं. लोक मात्र १०० किलोओहमच्या सर्किटलाही तेच नाव देतात आणि मग काटे कुठे गेले म्हणून शोधत बसतात.

राहिला स्कोप. मी स्वतः शिकत असताना याच सर्किटवर मला ११ टक्के मिळाले होते, आणि दुपारभर मी कपॅसिटर बदलत बसलो होतो. दोष प्रोबचा होता. त्यावरचा बारीक स्विच एक पटीवर होता, त्यामुळे स्कोपचा १ मेगाओहम माझ्या १०० किलोओहमला समांतर जोडला गेला होता. दोन्ही मिळून ९०.९ किलोओहम, आणि उतार बरोबर ११ टक्के. स्विच दहा पटीवर नेला की भार १० मेगाओहमचा होतो आणि फरक टक्क्याच्या दशांशात जातो.

दुसरी गोष्ट कपलिंगची. स्कोप एसी कपलिंगवर असेल तर त्याच्या आतही असाच एक हाय-पास बसलेला असतो, आणि त्याचा उतार तुमच्या उतारात मिसळतो. त्याची कटऑफ ५ हर्ट्झ धरली तरी ५०० हर्ट्झला ३ टक्के वाढतात. म्हणून डीसी कपलिंग ठेवा. आणि सर्किट जोडायच्या आधी प्रोब थेट जनरेटरला लावून माथा बघा. तिथेच तो तिरका दिसला, तर तो उतार तुमच्या आरसीचा नाही.