साडेबावीस किलोचा सहा फुटी पुतळा

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी जुन्या मुख्याध्यापकांचा पूर्णाकृती ब्राँझचा पुतळा बसवायचं ठरवलं. वर्गणी जमली, जागा मिळाली, मूर्तिकारही चांगला भेटला. त्या सगळ्यावर लिहिण्यासारखं काही नाही. आमचे अडीच महिने गेले ते अनुदानाच्या अर्जातल्या एका रकान्यात. रकाना होता 'अंदाजित वजन (किलो)'.

मूर्तिकाराने आधी ४५ सेंटिमीटर उंचीचं मॉडेल केलं होतं आणि नमुना म्हणून ते ब्राँझमध्ये ओतूनही घेतलं होतं. काट्यावर ते ५.६ किलो भरलं. पुतळा व्हायचा होता १८० सेंटिमीटरचा, म्हणजे मॉडेलच्या चौपट. टेबलावरच्या साहेबांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला, पाच पूर्णांक सहा गुणिले चार केलं आणि म्हणाले, "साडेबावीस किलो. लिहा."

मी म्हटलं, "साहेब, तो नुसता उंच नाही होणार. रुंदही चौपट होणार आणि जाडही."

"मग? सगळंच चौपट. बरोबरच आहे की."

पहिल्यांदा फाइल परत आली ती इथे. साडेबावीस किलोला मंजुरी घेतली असती तर धातूचे पैसे नंतर आमच्याच खिशातून गेले असते, म्हणून मी अडून बसलो. घरी येऊन ऐटीत हिशेब मांडला. लांबी चौपट, रुंदी चौपट, जाडी चौपट, म्हणून वजन चाराच्या घनाने वाढणार, चौसष्टपट. ५.६ गुणिले ६४ म्हणजे जवळजवळ ३६० किलो. नववीत शिकलेलं इतक्या वर्षांनी उपयोगी पडलं याचा आनंद एवढा होता की मी तो आकडा लाल शाईने लिहून दुसऱ्या दिवशी टेबलावर ठेवला. साहेबांनी एकदा आकड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "काल बावीस, आज तीनशे साठ? आधी ओताऱ्याकडून लेखी आणा."

ओताऱ्याकडे गेलो तो साहेबांची तक्रार सांगायला. ऐकून तो हसला, पण हसला माझ्यावर.

"दादा, पुतळा भरीव ओतणार आहात का?"

मग त्याने कोपऱ्यातला एक तांब्या आणि एक कळशी आणून समोर ठेवली. साधारण एकाच घडणीची, कळशीची उंची तांब्याच्या दुप्पट. "पाणी किती मावेल?" मी म्हटलं, आठपट. "बरोबर. आणि पितळ किती लागलं असेल?" मी पुन्हा आठपट म्हणणार होतो, तेवढ्यात त्याने कळशीचा काठ माझ्या बोटांत दिला. पत्रा तेवढाच जाड होता. मग काट्यावर ठेवून दाखवलं. तांब्या अर्ध्या किलोच्या आसपास, कळशी दोन किलोच्या. चौपट.

मुद्दा हाच होता आणि मी तो ऐटीत विसरलो होतो. पाणी पोटात मावतं, म्हणून ते उंचीच्या पटीच्या घनाने वाढतं. पत्रा नुसता बाहेरचा पृष्ठभाग झाकतो, म्हणून जाडी तीच राहिली तर त्याचं वजन पटीच्या वर्गाने वाढतं. ब्राँझचा पुतळा म्हणजे कळशीच. साच्यात आधी मेणाचा थर देतात, मग मेण वितळवून त्याच्या जागी धातू ओततात. म्हणून मेणाचा थर जेवढा जाड, तेवढीच धातूची भिंत, आत पोकळ.

आमच्या मॉडेलची भिंत ४ मिलिमीटर होती. मोठ्या पुतळ्याची ओतारी ६ मिलिमीटर ठेवणार होता. माझ्या ३६० किलोचा अर्थ असा होत होता की भिंतही चौपट, म्हणजे १६ मिलिमीटर होईल. एवढी जाड कोणी ठेवत नाही. धातू वाया जातो, शिवाय जाड भाग सावकाश थंड होतो आणि आकसताना तिथे खड्डे पडतात. तेव्हा खरा हिशेब असा: पृष्ठभाग चाराच्या वर्गाने, म्हणजे सोळापट. भिंत चारावरून सहावर, म्हणजे दीडपट. सोळा गुणिले दीड, चोवीसपट. ५.६ गुणिले २४ म्हणजे सुमारे १३५ किलो. साहेबांचं साडेबावीस चुकलं होतं, माझं ३६०ही चुकलं होतं, आणि हे दुसरं मान्य करायला मला फाउंड्रीपासून घरापर्यंतचा प्रवास लागला.

मॉडेल ओतलेलं नसेल, नुसतं मातीचं किंवा प्लास्टरचं असेल, तरी हे काढता येतं. हे आधीच सांगायला हवं होतं. आकडा पडताळायला मी मॉडेलवर अडीच सेंटिमीटर रुंदीची मास्किंग टेप चिकटवत गेलो, एकावर एक न चढवता, वळणांवर कापून. ६४० सेंटिमीटर टेप लागली. म्हणजे १६०० चौरस सेंटिमीटर, आणि पुतळ्याला त्याच्या सोळापट, २५,६०० चौरस सेंटिमीटर. त्याला ०.६ सेंटिमीटर जाडीने गुणलं की १५,३६० घन सेंटिमीटर धातू. ब्राँझ घन सेंटिमीटरला साधारण ८.८ ग्रॅम भरतं, म्हणजे पुन्हा १३५ किलोच. दोन वाटांनी तोच आकडा आला तेव्हा कुठे झोप लागली. (टेप ओल्या मातीवर चिकटत नाही. प्लास्टर वाळल्यावरच करा.)

घन कुठे लागतो, तेही सांगतो, कारण तिथे आम्ही थोडक्यात वाचलो. ओतण्याआधी पुतळा पूर्ण आकारात मातीत घडवतात. मॉडेलची माती भरीव, साडेतीन किलोच्या आसपास, आतल्या तारेवर मजेत उभी होती. पूर्ण आकारात तशीच भरीव माती घेतली तर चौसष्टपट, सव्वादोनशे किलोच्या घरात. पण घोट्याचा आडवा छेद वाढतो फक्त सोळापट. म्हणजे घोट्यावर दर चौरस सेंटिमीटरला चौपट भार. नुसती जाड तार घालून हे भागत नाही. मूर्तिकाराने लोखंडी सळ्यांचा सांगाडा केला आणि पोटात लाकडाचे ठोकळे भरले, तेव्हा माती निम्म्यावर आली. प्राणी मोठा झाला की त्याची हाडं नुसती मोठी होऊन चालत नाहीत, प्रमाणाबाहेर जाड व्हावी लागतात, हे गॅलिलिओने १६३८ साली छापलं होतं. आमच्या मूर्तिकाराने गॅलिलिओ वाचलेला नाही, पण पूर्वी त्याचा एक पुतळा रात्रीतून गुडघ्यात बसला होता.

तर टेबलाकडे परत. तिसऱ्या खेपेला मी ओताऱ्याचं पत्र नेलंच, शिवाय पिशवीतून घरचा तांब्या आणि कळशीही नेली. शिपाई म्हणाला, "पाणी बाहेर कूलरला आहे, काका." साहेबांनी पाच मिनिटं ऐकलं, कळशीचा काठ चिमटीत धरून पाहिला आणि १३५ लिहून सही केली. मग खालची ओळ वाचली. पृष्ठभागावर पॅटिना चढवणे आणि मेण लावणे, मॉडेलच्या खर्चाच्या सोळापट. "आता हे चोवीसपट का नाही?" मला खरं तर बरं वाटलं. म्हटलं, "साहेब, रंग वरून लागतो, भिंत कितीही जाड असो." ती ओळही सुटली.

तुम्ही अर्ज भराल तेव्हा रकान्याशेजारी भिंतीची जाडी लिहाच. आमच्या फाइलवर ती शेवटपर्यंत पेन्सिलीनेच होती. ओताऱ्याला हेही विचारा की दर तयार पुतळ्याच्या वजनावर आहे की मुशीतून ओतलेल्या धातूवर. धातू साच्यात जायच्या वाटांमध्येही बराच धातू गोठतो. तो नंतर कापून परत वितळवतात, पण बिलात कोणाच्या नावावर पडतो ते आधी ठरलेलं बरं.

पुतळा क्रेनच्या काट्यावर १४८ किलो भरला. वरचे तेरा किलो बोटांचे आणि उपरण्याच्या काठाचे, कारण तिथे पोकळी ठेवताच येत नाही, आणि थोडे आतल्या जोडांचे. काट्याची पावती मी तिथल्या तिथे मागून घेतली. पुढच्या महिन्यात त्याच टेबलावरून पत्र आलं, तेरा किलोचा खुलासा करा.